एका स्कॅन पानावरचे चार-पाच तक्ते वेगवेगळ्या शीटमध्ये कसे काढायचे, आणि त्यांना नावं कशी द्यायची

सोसायटीचा वार्षिक अहवाल ज्यांनी हातात घेतलाय त्यांना हे पान लगेच डोळ्यासमोर येईल. वर संस्थेचं नाव, त्याखाली आर्थिक वर्ष, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "रक्कम रुपयांत", आणि मग एकाच ए-फोर पानावर सगळं कोंबलेलं, जमा-खर्च, मुदत ठेवी, थकबाकी, दुरुस्तीचा तपशील. छपाईचं एक पान वाचलं म्हणून असं करतात, ते ठीकच आहे, पण पाच वर्षांचे अहवाल एक्सेलमध्ये घेऊन तुलना करायची म्हटली की हेच पान डोकं उठवतं.

मी आमच्या सोसायटीचे जुने अहवाल असे एक्सेलमध्ये घेतले तेव्हा सुरुवातीला अख्खं पान एका शीटमध्ये जसंच्या तसं उतरवलं होतं. ते दिसायला पानासारखंच दिसायचं, पण एक कॉलम सॉर्ट केला की सगळं विस्कटायचं, बेरीज केली की भलतंच यायचं. म्हणून इथे एकच पान घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं करायचं ते सांगतोय. आकडे उदाहरणासाठी सोपे केलेत पण पानाची ठेवण अगदी खरी आहे, वीस फ्लॅटची सोसायटी, वर्ष २०२२-२३.

आधी कागद-पेन्सिल घ्या, कॉम्प्युटर नंतर

स्कॅनची एक प्रिंट काढा आणि पेन्सिलने प्रत्येक तक्त्याभोवती चौकट काढा. इथेच सगळ्यात मोठी चूक होते, कारण आपण छापलेल्या रेघा बघून तक्ते मोजतो. आमच्या पानावर रेघांप्रमाणे चार चौकटी होत्या. वर पूर्ण रुंदीचा जमा-खर्च, त्याखाली डावीकडे मुदत ठेवी, उजवीकडे थकबाकी, आणि तळाला तीन ओळींचा एक छोटा तक्ता ज्याला नावच नव्हतं.

रेघा विसरा. प्रत्येक तक्त्यातल्या कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवा आणि ती ओळ डावीकडून उजवीकडे मोठ्याने वाचा, मग स्वतःला विचारा की ही ओळ कशाबद्दल आहे. थकबाकीच्या तक्त्यात "फ्लॅट ७, रुपये ९,०००" ही ओळ एका फ्लॅटबद्दल आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगते, म्हणजे तो खरंच एक तक्ता आहे. आता जमा-खर्चाची दुसरी ओळ वाचा: "मेंटेनन्स वसुली ३,३४,५००, साफसफाई ६०,०००". ही ओळ कशाबद्दल आहे? कशाबद्दलच नाही! मेंटेनन्सचा आणि साफसफाईचा एकमेकांशी काही संबंध नाही, ते फक्त छापताना शेजारी-शेजारी आलेत. आमच्या पानात जमेच्या बाजूला पाच ओळी होत्या आणि खर्चाच्या बाजूला आठ, आणि बेरीज शेवटी समोरासमोर यावी म्हणून डावीकडे मधे तीन ओळी रिकाम्या सोडलेल्या.

म्हणजे एका चौकटीत दोन तक्ते आहेत, जमा वेगळा आणि खर्च वेगळा. पानावर चौकटी चार, पण शीट होणार पाच. जिथे ओळीचा अर्थ मधेच तुटतो तिथे कात्री लावायची, मग तिथे छापलेली रेघ असो वा नसो. उलटंही होतं, एकच लांब तक्ता जागा नाही म्हणून दोन तुकड्यांत शेजारी छापलेला असतो, फ्लॅट १ ते १० डावीकडे आणि ११ ते २० उजवीकडे, दोन्हीकडे कॉलमची नावं तीच. त्याचे दोन शीट करू नका, उजवा तुकडा डाव्याच्या खाली जोडा.

पेन्सिलने चौकटी झाल्या की डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली असे क्रमांक टाका, १ ते ५. हेच क्रमांक शेवटपर्यंत राहणार.

आता पानावरच्या सुट्या गोष्टी गोळा करा

हे करायचं बहुतेक लोक विसरतात आणि नंतर पस्तावतात. पानावर काही मजकूर असा असतो जो कुठल्याच चौकटीत नसतो पण सगळ्या तक्त्यांना लागू असतो. संस्थेचं नाव, वर्ष, "रक्कम रुपयांत" हे सगळं वर एकदाच छापलेलं असतं. तक्ते कापून वेगळे केले की ते डोकं मागेच राहतं आणि तुमच्याकडे उरतात पाच शीट ज्यात आकडे आहेत पण कोणाचे, कधीचे, रुपयांत की हजारांत काहीच माहीत नाही. मोठ्या संस्थांच्या ताळेबंदात "रुपये लाखात" असं कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ते सुटलं तर पुढचा माणूस ४२ लाखांचे ४२ रुपये वाचणार.

तसंच तळटीपा. आमच्या पानावर थकबाकीच्या तक्त्यात फ्लॅट १६ समोर १२,०००* असं होतं आणि त्या चांदणीचा खुलासा पानाच्या अगदी तळाला होता, त्या नाव नसलेल्या छोट्या तक्त्याच्याही खाली: "यात मागील वर्षाचे रु. ६,००० समाविष्ट". चौकटी कापताना ही टीप जागेप्रमाणे त्या छोट्या तक्त्याबरोबर जाते, आणि थकबाकीच्या शीटमध्ये राहते ती नुसती चांदणी. म्हणून प्रिंटवर पेन्सिलने बाण काढा, कुठली टीप कुठल्या चौकटीची. दोन मिनिटांचं काम आहे.

स्कॅन सरळ करा आणि मगच कापा

३०० डीपीआयला स्कॅन करा, त्याहून कमी नको. ए-फोर पान ३०० डीपीआयला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, तुमची फाइल याच्या जवळपास आहे का ते प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या. फोनवरून फोटो काढला असेल तर स्कॅनिंगचं अॅप वापरा म्हणजे कडा तरी सरळ होतात.

वाकडेपणाकडे लक्ष द्या. पान फक्त एक अंश वाकडं असलं तरी डाव्या टोकाला सुरू झालेली ओळ उजव्या टोकाला पोहोचेपर्यंत ४३ पिक्सेल सरकलेली असते, आणि १२ पॉइंटचा टाइप ३०० डीपीआयला ५० पिक्सेल उंच. म्हणजे जवळजवळ एक अख्खी ओळ! डावीकडे "वीज बिल" आणि त्याच्या समोर पाणीपट्टीचा आकडा, असं होतं ते यामुळे. कुठल्याही फोटो एडिटरमध्ये स्ट्रेटन किंवा रोटेट असतं, छापलेली एक आडवी रेघ धरून पान तिच्यावर सरळ करा.

मग पेन्सिलच्या चौकटींप्रमाणे क्रॉप करून पाच वेगळ्या इमेज सेव्ह करा, आणि दर वेळी मूळ फाइल परत उघडून क्रॉप करा, क्रॉप केलेला तुकडा मूळ फाइलच्याच नावाने सेव्ह करू नका नाहीतर मूळ पानच जातं. चारी बाजूंना थोडा पांढरा भाग राहू द्या, अगदी अक्षराला चिकटून कापलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार तुटतो. जमा-खर्चाची चौकट मधल्या उभ्या रेघेवर कापायची, म्हणजे प्रत्येक तुकडा निम्म्या रुंदीचा होतो आणि उरलासुरला वाकडेपणाही निम्मा होतो. स्क्रीनशॉट घेऊन कापायचा मोह होतो, पण स्क्रीनशॉट स्क्रीनच्या रिझोल्यूशनचा येतो, स्कॅनच्या नाही, त्यामुळे ३०० डीपीआयची सगळी मेहनत फुकट.

पीडीएफ असेल आणि कमांड चालवायची भीती वाटत नसेल तर पान आधी इमेज करून घ्या:

```
pdftoppm -r 300 -png ahwal.pdf pan
```

पीडीएफमध्ये माउसने मजकूर सिलेक्ट होतो का तेही एकदा बघा. सिलेक्ट झाला आणि पेस्ट केल्यावर नीट मराठी आलं तर उत्तमच, स्कॅनिंगचा खटाटोप नको. पण बऱ्याच जुन्या डीटीपीच्या फाइल्स युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये असतात, सिलेक्ट होतं पण पेस्ट केल्यावर भलतीच इंग्रजी अक्षरं येतात. तसं झालं तर वेळ घालवू नका, त्या पानाला सरळ स्कॅन समजा.

मजकूर ओसीआरने, आकडे हाताने

हे माझं मत आहे आणि अनुभवावरून सांगतोय. ओसीआर म्हणजे इमेजमधली अक्षरं ओळखून त्यांचा टाइप केलेला मजकूर करून देणं. मराठी ओसीआर साठी टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, फुकट आहे, त्यात मराठीची भाषा-फाइल टाकली की एकेका तुकड्यावर असं चालवता येतं:

```
tesseract t2.png t2 -l mar+eng --psm 6
```

त्यातला शेवटचा ६ म्हणजे "ही इमेज म्हणजे मजकुराचा एकच सलग गठ्ठा आहे असं समज". अख्ख्या पानावर हे लावलं तर ते जमा आणि खर्च एकाच ओळीत सलग वाचतं, म्हणूनच आधी कापायचं. कमांड नको असेल तर गुगल ड्राइव्हवर इमेज टाकून गुगल डॉक्सने उघडली तरी मजकूर मिळतो, पण कॉलम मिळत नाहीत, सगळं एकाखाली एक येतं.

पण आकड्यांच्या बाबतीत मी ओसीआरवर विसंबत नाही. पाच तक्त्यांत मिळून पंचवीसच्या आत ओळी, ते आकडे टाइप करायला दहा मिनिटं लागतात आणि ओसीआरचे आकडे तपासायला वीस. त्यात मराठी अंक, १ आणि ९ जुन्या टाइपात इतके सारखे दिसतात की माणसाचाही गोंधळ होतो, तर सॉफ्टवेअरचं काय. दोनशे ओळींचा तक्ता असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ओसीआर घ्या.

आकडे ओसीआरने घेतले असतील तर ते ५१,३०० असे मराठी अंकांत येतील आणि शेवटी "/-" चिकटलेलं असेल. एक्सेल बहुतेक वेळा याला आकडा न धरता मजकूर धरतं, आणि त्रास असा की SUM मजकुराकडे गपचूप दुर्लक्ष करतं, एरर देत नाही, बेरीज फक्त कमी येते. त्यामुळे रकमेचा कॉलम सिलेक्ट करून फाइंड-रिप्लेसने ० ते ९ दहाही अंक इंग्रजी करा आणि "/-" काढून टाका, मग खाली हे लिहून बघा:

```
=COUNT(B5:B12)
```

आठ ओळी असतील तर उत्तर 8 च आलं पाहिजे. 7 आलं तर एक आकडा अजून मजकूर आहे, तो साधारण सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो, खरे आकडे उजवीकडे असतात.

चांदणी काढताना फार सावध. फाइंडमध्ये नुसतं * टाकून रिप्लेस ऑल केलंत तर एक्सेलसाठी * म्हणजे "काहीही", त्यामुळे सगळे सेल रिकामे होतात. खरी चांदणी शोधायला ~* लिहायचं. आणि ती काढण्याआधी शेजारी "शेरा" नावाचा कॉलम करून त्यात तळटीपेचं पूर्ण वाक्य लिहा, त्या फ्लॅट १६ च्याच ओळीत.

ठेवींच्या तक्त्यात अजून दोन गोष्टी सापडतात. बँकेचं नाव पहिल्या ओळीत आणि खाली फक्त "——॥——" अशा खुणा. पानावर वाचताना कळतं, पण शीट रकमेप्रमाणे सॉर्ट केलं की त्या खुणा दुसऱ्याच बँकेखाली जातात, म्हणून प्रत्येक ओळीत बँकेचं नाव पूर्ण लिहा. आणि तारखा: १२/०६/२४ म्हणजे आपल्याकडे १२ जून, पण कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असली तर एक्सेल ते ६ डिसेंबर घेतं आणि काही बोलत नाही. २५/०८/२४ मात्र तसाच मजकूर राहतो कारण पंचविसावा महिना नसतो. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजा हेच झालंय. मी सरळ 12-Jun-2024 असं महिन्याच्या नावाने टाइप करतो. पावती क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर तो कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर पुढची शून्यं जातात.

शीर्षक: दोन नावं लागतात, एक नाही

प्रत्येक तक्त्याला एक छोटं नाव लागतं जे खाली टॅबवर दिसतं, आणि एक पूर्ण शीर्षक जे शीटच्या आत पहिल्या सेलमध्ये असतं. दोन्ही कामं एकाच नावाने भागवायला गेलात की फसतं, कारण एक्सेलमध्ये टॅबचं नाव ३१ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही.

आणि मराठीत ही ३१ ची मर्यादा वाटते त्याहून लवकर संपते. एक्सेल काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडलेला हलंत, हे सगळं वेगवेगळं अक्षर म्हणून मोजतं. "मुदत ठेवींचा तपशील 31 मार्च 2023" हे नाव डोळ्यांनी मोजलं तर जागा धरून २३ अक्षरं दिसतात, पण एक्सेलच्या हिशेबाने ती ३२ होतात, म्हणजे एक जास्त. नुसतं "ठेवींचा" हेच सात अक्षरांचं आहे. शंका असेल तर नाव एका सेलमध्ये लिहून दुसऱ्यात मोजा:

```
=LEN(A1)
```

शिवाय टॅबच्या नावात \ / ? * [ ] : ही चिन्हं चालत नाहीत. आपल्याला नडतो तो तिरका दांडा, कारण वर्ष २०२२/२३ किंवा तारीख ३१/०३/२०२३ अशी लिहायची सवय असते. तिथे आडवी रेघ वापरा. मी ठेवलेली पाच नावं ही:

```
01_जमा_2022-23
02_खर्च_2022-23
03_ठेवी_31-03-2023
04_थकबाकी_31-03-2023
05_टाकी दुरुस्ती_2022-23
```

पुढचा क्रमांक पेन्सिलवाला. पण नावांच्या शेवटाकडे बघा, पहिल्या दोन आणि शेवटच्या शीटला वर्ष आहे, तिसऱ्या-चौथ्याला तारीख आहे. हे मुद्दाम आहे आणि शीर्षक लिहिण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. जमा आणि खर्च वर्षभराचे असतात, १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात जे आलं-गेलं ते. ठेवी आणि थकबाकी एका दिवसाच्या असतात, ३१ मार्चला संध्याकाळी जी स्थिती होती ती. पानावर सगळ्यांच्या डोक्यावर "सन २०२२-२३" असं एकच लिहिलेलं असतं, तेच उचलून "थकबाकी २०२२-२३" असं नाव दिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की ही त्या एका वर्षात थकलेली रक्कम आहे, आणि खरं तर त्यात फ्लॅट १६ चे मागच्या वर्षाचे ६,००० पण आहेत. नावातच "अखेरची" की "वर्षभराची" हे कळलं पाहिजे.

पूर्ण शीर्षकात मी चार गोष्टी लिहितो, कशाचा तक्ता, कोणाचा, कधीचा आणि कुठल्या एककात. थकबाकीचं असं झालं: "सभासदांकडील मेंटेनन्सची थकबाकी, फ्लॅटनिहाय, (संस्थेचं नाव), ३१ मार्च २०२३ अखेर, रक्कम रुपयांत". लांब आहे, असू दे, सेलमध्ये जागेची कमतरता नाही. त्याखालच्या सेलमध्ये कुठून घेतलं ते: "वार्षिक अहवाल २०२२-२३, पान ७, मधला उजवा तक्ता". तिसरी ओळ पूर्ण रिकामी, चौथ्या ओळीत कॉलमची नावं, पाचव्यापासून आकडे. ती रिकामी ओळ सोडायचीच, कारण फिल्टर किंवा सॉर्ट लावताना एक्सेल रिकाम्या ओळीपर्यंतचा भाग एक तक्ता धरतं, शीर्षक चिकटून असलं तर तेच कॉलमचं नाव समजून बसतं. आणि शीर्षक मधोमध दिसावं म्हणून सेल मर्ज करू नका, सॉर्ट अडतं.

पाचव्या तक्त्याला छापील नाव नव्हतंच. तीन ओळी, सिमेंट-वाळू १४,२००, वॉटरप्रूफिंग २९,८००, मजुरी १७,५००, बेरीज ६१,५००. हा कशाचा तपशील? खर्चाच्या तक्त्यात शोधलं तर "पाण्याची टाकी दुरुस्ती ६१,५००" सापडलं, बेरीज तंतोतंत जुळली, म्हणून त्याला ते नाव दिलं. पण हे नाव छापलेलं नाही, मी दिलेलं आहे, हे पुढच्याला कळावं म्हणून आतल्या शीर्षकात ते चौकटी कंसात ठेवलं: "[पाण्याची टाकी दुरुस्ती, खर्चाचा तपशील]". टॅबवर चौकटी कंस चालत नाही, सेलमध्ये चालतो. आकडा कुठेच जुळला नसता तर मी नाव अंदाजाने ठोकलं नसतं, "शीर्षक नसलेला तक्ता, पान ७ तळाला" असंच लिहिलं असतं.

तपासणी, आणि ती ८,००० ची गोष्ट

सगळ्यात पुढे "00_सूची" नावाचा एक शीट करा. त्यात पाच तक्त्यांना पाच ओळी, टॅबचं नाव, पूर्ण शीर्षक, पानावरची जागा, छापलेली बेरीज, शीटमधली बेरीज, आणि फरक. छापलेली बेरीज इथेच हाताने लिहायची, तक्त्याच्या खाली ओळ म्हणून ठेवायची नाही, नाहीतर कधीतरी कोणीतरी पूर्ण कॉलमची बेरीज मारतो आणि ती दुप्पट येते. शीटमधली बेरीज फॉर्म्युल्याने आणा, नावात आडवी रेघ असल्यामुळे एकेरी अवतरण लागतं:

```
=SUM('02_खर्च_2022-23'!B5:B12)
```

आमच्या पानावर दोन्ही बाजूंची छापील बेरीज ५,३४,५०० होती. जमेची जुळली: आरंभीची शिल्लक १,१२,४००, मेंटेनन्स ३,३४,५००, सिंकिंग फंड ४८,०००, ठेवींवरचं व्याज २१,६००, पार्किंग १८,०००. खर्चाची मात्र शीटमध्ये ५,४२,५०० आली. फरक बरोबर ८,०००.

असा फरक दिसला की लगेच सगळे आकडे पहिल्यापासून तपासत बसू नका, आधी फरकाकडे नीट बघा. ८, ८०, ८००, ८,००० असा आठाने सुरू होऊन पुढे शून्यं असलेला फरक असेल तर पहिला संशय १ चा ९ झाला किंवा ९ चा १ झाला यावर घ्यायचा. शीटची बेरीज जास्त आहे म्हणजे १ चा ९ झालाय, आणि फरक ८,००० म्हणजे तो हजाराच्या घरात आहे. आता शीटमध्ये फक्त हजाराच्या घरात ९ असलेला आकडा शोधायचा. एकच होता, वीज बिल ५९,३००. स्कॅन मोठा करून बघितला तर ५१,३००. अर्ध्या मिनिटात सापडलं. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटसुलट टाइप झालेत, ३८,२०० चे ८३,२०० असं, ही जुनी हिशेबनिसांची युक्ती आहे आणि अजून तितकीच कामाची आहे. आणि फरक एखाद्या ओळीच्या रकमेएवढाच असेल तर ती ओळ सुटली किंवा दोनदा आली.

बेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर असं मात्र नाही. दोन ओळींच्या रकमा एकमेकींच्या जागी गेल्या तर बेरीज तीच राहते. म्हणून तक्त्या-तक्त्यांमधले दुवेही तपासा, ते एकाच पानावरचे असल्यामुळे एकमेकांचे साक्षीदार असतात. टाकीचे ६१,५०० दोन्हीकडे तेच आले ते वर सांगितलंच. खर्चात "नवीन मुदत ठेव ५०,०००" आहे तर ठेवींच्या शीटमध्ये ५०,००० ची पावती हवी, आहे. थकबाकीचा दुवा मला सगळ्यात आवडतो: २० फ्लॅट, महिना १,५०० मेंटेनन्स, वर्षाचे ३,६०,०००, त्यात मागच्या वर्षीचे ६,००० मिळवले तर येणं होतं ३,६६,०००. वसूल झाले ३,३४,५००. राहिले ३१,५००, आणि थकबाकीच्या शीटची बेरीज, ६,००० अधिक ९,००० अधिक ४,५०० अधिक १२,०००, ती पण ३१,५००. ती तळटीप सुटली असती तर हा हिशेब ६,००० ने अडला असता आणि मी नसलेली चूक शोधत बसलो असतो.

कधी कधी छापलेली बेरीजच चुकलेली असते. स्कॅन दोनदा बघूनही आकडे बरोबर निघाले तर तुमच्या शीटमध्ये काही बदलू नका, छापलंय तसंच ठेवा आणि सूचीत शेरा लिहा की छापील बेरजेत इतका फरक आहे. आकडा आपल्या मनाने "दुरुस्त" केला की तो शीट अहवालाची नक्कल राहत नाही.

कोणाला पाठवण्याआधी

थकबाकीच्या शीटमध्ये कोणत्या फ्लॅटचे किती पैसे राहिलेत ते आहे, सोसायटीच्या बाहेर कोणाला फाइल द्यायची असेल तर हा शीट जायला नको. तो हाइड करून पाठवू नका, राइट क्लिक करून कोणालाही अनहाइड करता येतो. फाइलची कॉपी करा, कॉपीत सूचीतले बेरजेचे आणि फरकाचे कॉलम सिलेक्ट करून पेस्ट स्पेशलने फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा, आणि मग थकबाकीचा शीट डिलीट करा. आधी डिलीट केलात तर सूचीत त्या ओळीला #REF! दिसायला लागतं. सूचीतली ओळ राहू द्या, तिच्या शेऱ्यात "हा तक्ता या प्रतीत दिलेला नाही" एवढं लिहा, म्हणजे ०३ नंतर थेट ०५ का आला हे समोरच्याला विचारावं लागणार नाही.